अवचार सरांनी खोडलेली ओळ

चार दिवसांची झड लागली होती. आभाळ असं खाली उतरलेलं की सातपुडा दिसायचाच बंद झाला. तिकडं नुसता राखाडी पडदा. संग्रामपूरकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर काळा चिखल साचला होता आणि फटफट्यांच्या चाकांत अडकून अडकून तो गावभर पसरला होता. मोतीराम अवचार सकाळी साडेपाचला उठले. अंगणातलं पाणी न्हाणीच्या नालीकडं वळेना म्हणून त्यांनी फावड्यानं चर ओढला, गोठ्यातलं शेण काढलं, म्हशीखाली भुशाचं कोरडं कुटार पसरलं. हातपाय धुऊन चहा घेतला आणि ओट्यावर पाट मांडून बसले. लाइट रात्रीपासून नव्हती.

पुढ्यात रेघांचे ताव होते, पट्टी होती, तीन रंगांचे पेन होते. दहावीच्या बीजगणिताची चाचणी सोमवारी. वीस गुण, एक तास.

एकोणतीस वर्षं ते हेच करत होते. बाकीचे मास्तर आधी प्रश्न काढत आणि मग तक्ता जुळवत. अवचार सर आधी तक्ता आखत. उभ्या रकान्यांत सोपे, मध्यम, कठीण. आडव्या ओळीत घटक. सोप्याला आठ गुण, मध्यमला आठ, कठीणला चार. दोन चलांतली रेषीय समीकरणं अकरा गुणांची, वर्गसमीकरणं नऊची. उभी बेरीज वीस, आडवी बेरीज वीस. दोन्हीकडून वीस आले की त्यांना जेवल्यासारखं वाटायचं.

"अवो, मीठ संपलं म्हनलं दोनदा," रुक्मिणीबाई आतून म्हणाल्या. "कानात काय वर्गमूळ घातलं का?"

"आणतो वो. पेपर काढू दे."

"पेपर काढून राह्यले का कोनाची पत्रिका? सकायपासून चार कागद फाडले."

खरंच चार कागद फाडले होते. एरवी त्यांचा हात असा अडत नसे. या वेळी अडला होता, कारण पंधरा दिवसांपूर्वी मुख्याध्यापक सावजी सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून एक चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर नऊ नावं होती.

लक्ष्मीकांत सावजी मूळचे साखरखेर्ड्याचे, बदलीनं इथं आलेले. बोलायला गोड, शर्टाची इस्त्री कधी मोडत नसे. "अवचार सर," ते म्हणाले होते, "गेल्या वर्षी आपला निकाल एक्याऐंशी टक्के. शेजारच्या शाळेचा शंभर. संस्थेनं मला विचारलं, फरक कशानं? मी काय सांगू? त्यांनी कच्ची पोरं आधीच काढली. सतरा नंबरचा फॉर्म भरून द्यायचा, पोरगं बाहेरून परीक्षा देतं, नापास झालं तर शाळेच्या माथी नाही."

"आन् पोराच्या माथी?"

"त्याला आपण शाळेत बसू देऊ की. नाव फक्त पटावर नसेल."

अवचार सरांनी पाहिलं होतं ते कसं असतं. पटावरनं नाव गेलेलं पोरगं आठ दिवस मागच्या बाकावर बसतं, नवव्या दिवशी शेतात दिसतं.

"चाचणीत सातच्या खाली जे येतील त्यांच्या पालकांना बोलवू," सावजी म्हणाले. "पस्तीस टक्के म्हणजे सातच ना? पेपर जरा जड काढा. या नऊ जणांना लागेल असा."

म्हणजे पेपर एक्केचाळीस पोरांचा नव्हता. नऊ पोरांचा होता. आणि ओट्यावर बसलेले अवचार सर उलट्या बाजूनं त्याच नऊ पोरांचा पेपर काढत होते.

त्यांचा हिशेब साधा होता. सोपे आठ गुण खरोखर सोपे ठेवले, तर नऊपैकी पाचसहा जण त्यावरच तरतील. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे चार. दुसऱ्यात दोन-दोन गुणांचे तीन. त्यातला पहिला निश्चयकाची किंमत काढा, वरती पाच-तीन, खाली सात-नऊ. पंचेचाळीस वजा एकवीस, चोवीस. तिरपा गुणाकार येतो त्याला दोन गुण हातात. दुसरी कृती, अवयव पाडायचे, रिकाम्या चौकटी भरायच्या. हे झाले सोपे आठ. तिसरा विवेचकाचा, तो मध्यम. तिसऱ्या प्रश्नात तीन-तीन गुणांची दोन उदाहरणं, तीही मध्यम. चौथ्यात कठीण दोन, त्यातलं एक सोडवायचं, चार गुण. ते हुशारांसाठी, त्यांनीही घाम गाळावा.

तिसऱ्या प्रश्नातलं शाब्दिक उदाहरण त्यांनी मुद्दाम बाजारातलं घेतलं. मेथीच्या पाच आणि पालकाच्या तीन जुड्या मिळून नव्व्याण्णव रुपये. मेथीच्या तीन आणि पालकाच्या पाच मिळून पंच्याऐंशी. तर एकेका जुडीची किंमत काढा.

मग खरं काम. गुणदान योजना. पोरं वाचतात किंवा मरतात ती इथं, पेपरात नाही, हे अवचार सरांचं पक्कं मत. उत्तर चुकलं की शून्य देणारे तपासनीस त्यांनी पाहिले होते. म्हणून ते पायरीपायरीला गुण बांधत. मेथीचा x आणि पालकाचा y मानला, अर्धा. पहिलं समीकरण मांडलं, अर्धा. दुसरं मांडलं, अर्धा. सोडवणूक, एक. उत्तर, अर्धा. म्हणजे ज्याला पुढं काहीच येत नाही, त्यालाही नुसतं मांडल्याचे दीड. नऊ जणांना त्यांनी पंधरा दिवस तेवढंच घोकवलं होतं, "मांडा बे. सुटो न सुटो, मांडून ठेवा."

योजनेच्या शेवटी त्यांनी सवयीनं ती ओळ लिहिली, जी प्रत्येक गुणदान योजनेच्या शेवटी असतेच: अन्य योग्य रीतीने उदाहरण सोडवल्यास पूर्ण गुण द्यावेत. तिच्याखाली लाल पेनानं रेघ मारली आणि मीठ आणायला गेले.

*

शनिवारी शाळा सकाळची. सावजी सरांनी पेपर वाचला, तक्ता वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, मी जड म्हणालो होतो."

"वीसपैकी चार कठीण आहे, आठ मध्यम. प्रमाणात आहे."

"हा निश्चयक काढा. पाचवीतलं पोरगं करेल. त्याऐवजी हे घ्या." त्यांनी पेन्सिलीनं समासात लिहिलं: kx(x − 2) + 6 = 0 या समीकरणाची मुळे वास्तव व समान असतील तर k काढा.

"हे सोपं आहे?" अवचार सरांनी विचारलं.

"तक्त्यात सोपं लिहा."

"k शून्य काऊन चालत नाही ते सांगता येणारी वर्गात चार पोरं आहेत, सर. आन् दुसरं असं की हे वर्गसमीकरण झालं. निश्चयक रेषीयमधला. मंग रेषीय नऊवर येते आन् वर्गसमीकरण अकरावर जाते."

"मग आकडे फिरवा. आकडेच तर आहेत."

अवचार सर तसे भांडणारे नव्हते. एकोणतीस वर्षांत त्यांनी चार मुख्याध्यापक पाहिले, चौघांशी जमवून घेतलं. पण 'आकडेच तर आहेत' हे त्यांच्या कानाला लागलं.

"मंग एक करा," ते म्हणाले. "पेपर तुम्ही काढा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या जागी सही तुमची. उद्या कोणी पालकानं शिक्षण खात्याच्या साहेबाले कागद दाखवले आन् साहेबानं विचारलं की हे सोपं कोणी ठरवलं, तं तुम्ही सांगसान."

सावजींनी चष्मा पुन्हा घातला. संस्थेत त्यांच्या विरुद्ध एक गट होताच. सहीचा कागद ते जपून वापरत. मग हसले.

"बरं. तुमचाच पेपर ठेवू. पण तुम्ही तपासायचा नाही. आपल्याच संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेतल्या समीक्षा मॅडमना बोलवतो. त्या योजनेप्रमाणं तपासतील. मान्य?"

"मान्य. पण योजनेवर तुमची-माझी दोघांची सही. पाकीट सील. त्यानंतर योजनेत कानामात्रा कोणी बदलायचा नाही. तुम्ही नाही, मी नाही."

"मी नाही, तुम्ही नाही," सावजी म्हणाले, आणि योजनेचा कागद पुढं ओढला. बोट शेवटच्या ओळीवर आलं. "मग ही काय? 'अन्य योग्य रीत'. योग्य कोण ठरवणार? मॅडम तुम्हाला फोन करणार, तुम्ही म्हणणार योग्य. नऊच्या नऊ योग्य. हा दरवाजा तुम्ही उघडा ठेवलाय, सर. तो लावा, मी बाकी सगळ्यावर आत्ता सही करतो."

अवचार सरांनी त्या ओळीकडं पाहिलं. बोर्डाच्याही योजनेत असते ती. पण तिच्या वर पायऱ्यांचे अर्धे-अर्धे गुण होते, त्यात नऊ पोरं बसवलेली होती. ते त्यांनी मनात मोजून पाहिले. हर्षल, मांडतो, पुढं गुरफटतो. ओवी, चौकटी भरते. वावग्यांची अपेक्षा, निम्मे दिवस गैरहजर. दुसरी रीत यांच्यापैकी कोण वापरणार होतं? ज्याले एक रीत धड येत नाही, त्याले दुसरी कोठून येईन?

हुशार पोरं वापरतील कदाचित. हुशारांना दोनतीन गुण गेले तर काही बिघडत नव्हतं.

त्यांनी लाल पेन काढला आणि ओळ खोडली. खोडल्यावर बाजूला आद्याक्षरं केली, जशी नियमानं करायची असतात. सावजींनी खाली सही केली. पाकिटावर लाख तापवून सील लावलं तेव्हा अवचार सरांना वाटलं, आपण जिंकलो.

*

सोमवारी झड उघडली होती पण वर्गात अंधार तसाच. अवचार सरच पर्यवेक्षक. बाकांमधून फिरताना ते कोणाच्या पेपरात डोकावायचे नाहीत, पण हात कोणाचा चालतो, कोणाचा थांबतो हे त्यांना पाठीमागूनही कळायचं.

हर्षल मांडत होता. ओवी चौकटी भरत होती. अपेक्षा वावगे तिसऱ्या बाकावर, खिडकीकडं तोंड करून बसली होती. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती आईबरोबर बाजारात असायची. भाजी खुडायची, जुड्या बांधायची, विकायची. मेथीच्या मातीनं नखं कायमची काळी. ज्या आठवड्यात x आणि y शिकवले, त्यात ती तीन दिवस नव्हती. हजेरी घेताना सर ओरडायचे, "वावगे, शाळेत बजाराच्या सुट्टीत येते का तू?" आणि वर्ग हसायचा. तीही हसायची.

आता तिचे ओठ हलत होते. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरला, एकदा, दोनदा. मग ती खाली वाकली आणि पाचसहा ओळी झरझर लिहिल्या. पान उलटलं. पुढच्या प्रश्नावर पेन तसाच उभा राहिला तो घंटा होईपर्यंत.

पेपर देताना ती म्हणाली, "सर, मेथीवालं लय सोपं होतं."

"हो का? मांडलं ना नीट?"

"हाव सर, समदं लिवलं."

त्यांनी तिच्या डोक्यावर गठ्ठ्यानं हलकेच टपली मारली.

*

गुरुवारी समीक्षा मॅडम तपासलेला गठ्ठा घेऊन आल्या. नोकरीला लागून तीन वर्षं झालेली, सरळ स्वभावाची बाई. केबिनमध्ये सावजी होते, अवचार सर होते. मॅडमनी यादी टेबलावर ठेवली. सावजींचं बोट नऊ नावांवरनं उतरू लागलं आणि जसजसं उतरलं तसतसा त्यांचा चेहरा आंबला. सात. साडेसात. आठ. सात. नऊ. साडेआठ. सात. साडेसात.

"हर्षल सात कसा?" त्यांनी पेपर उपसला. वाचला आणि खो खो हसले. "अहो मॅडम, यानं पालकाची जुडी वजा चार रुपयांना विकली! वजा चार! म्हणजे गिऱ्हाइकाला पालक पण द्यायचा आणि वरून चार रुपये पण. याला दीड गुण?"

"चल मानले, दोन्ही समीकरणं बरोबर," मॅडम म्हणाल्या. "योजनेत दीडच आहेत सर. पुढचं सगळं चूक म्हणून पुढचं शून्य."

"योजनेत आहेत," अवचार सर म्हणाले. त्यांना हसू दाबवत नव्हतं.

सावजींनी पेपर आपटला. पण सही त्यांचीच होती.

"एक अडचण आहे," मॅडम म्हणाल्या आणि गठ्ठ्यातून एक पेपर वेगळा काढला. "अपेक्षा वावगे. हिचे मी अजून नक्की केले नाहीत. पहिल्या प्रश्नात दोन, निश्चयकाचे दोन, चौकटीत एक, विवेचकात अर्धा. साडेपाच. आणि मेथीच्या उदाहरणात... तुम्हीच बघा सर."

अवचार सरांनी पेपर घेतला. काळपट अंगठ्याचा ठसा समासात उमटला होता. वर लिहिलं होतं:

पहिल्या बारीत मेथी ५ पालक ३. दुसऱ्या बारीत मेथी ३ पालक ५. जुड्या दोनीकडे आठच. दोन मेथी काढून दोन पालक टाकले तं १४ कमी झाले. म्हणून एक मेथी पालकापेक्षा ७ नं महाग. पहिल्या बारीत पाचही मेथी काढून पालक टाकले तं ३५ कमी. ९९ चे राह्यले ६४. आता आठीच्या आठी पालक. म्हणून पालक ८, मेथी १५. ताळा ७५ + २४ = ९९. ४५ + ४० = ८५.

त्यांनी ते दोनदा वाचलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी हे उदाहरण वेगवेगळ्या आकड्यांत किती वेळा घातलं असेल. पेन, वह्या, आंबे, पेरू. असं सोडवलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वजाबाकी करून चलाचा लोप करायचा म्हणजे काय, हे ते पोरांना फळ्यावर शिकवत होते. या पोरीनं जुड्या उचलून दाखवलं होतं.

"x नाही, y नाही, समीकरण नाही," मॅडम म्हणाल्या. "योजनेप्रमाणं फक्त उत्तराचा अर्धा. एकूण सहा. पण सर, रीत बरोबर आहे. पूर्ण बरोबर आहे. मी तीन द्यायला तयार आहे, साडेआठ होतात. योजनेच्या खाली ती नेहमीची ओळ असते ना, ती शोधली, तर..."

"तर खोडलेली सापडली," सावजी म्हणाले. ते आता खुर्चीत रेलून बसले होते. "आद्याक्षरं कोणाची आहेत, मॅडम?"

मॅडमनी अवचार सरांकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

"माझी," अवचार सर म्हणाले.

"सावजी सर," ते म्हणाले, "ही पोरगी बरोबर आहे."

"असेल. मी कुठं नाही म्हणतो? उघडा योजना. तिला तीन द्या." सावजी पुढं वाकले. "पण मग माझ्यासाठीही उघडा. वजा चार रुपयांच्या पालकाला दीड गुण मलाही पटत नाहीत. उत्तर चूक तर शून्य, असं मी लिहितो खाली, आणि आद्याक्षरं करतो. हर्षल साडेपाचवर येतो. बाकीचे किती जण मांडणीवर तरलेत, मॅडम?"

"पाच," मॅडम पुटपुटल्या. "हर्षल धरून."

"पाच. बघा सर. कानामात्रा बदलायचा नाही, हे तुमचंच बोलणं. बदलायचा असेल तर दोघांनी बदलू."

बाहेर पाचवीच्या वर्गात पाढे चालले होते. अवचार सरांच्या हातात पेपर होता आणि त्यांचं डोकं, सवयीनं, मोजत होतं. पाच आणि एक. सोपी वजाबाकी. यापेक्षा सोपा प्रश्न त्यांनी स्वतः कधी काढला नसता.

"सर, काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

"अर्धा," अवचार सर म्हणाले.

"नक्की?"

"योजनेप्रमाणं अर्धाच होतो."

मॅडमनी लाल पेनानं अर्धा लिहिला. वर सहा लिहून गोल केला. तो गोल काढताना त्यांनी पेन इतका दाबला की कागद थोडा फाटला.

*

कौशल्याबाई वावगे शनिवारी आली. डोक्यावरची टोपली तिनं व्हरांड्यात उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि केबिनच्या दारात उभी राहिली. मागं अपेक्षा, शाळेच्या ड्रेसवर. सावजींनी त्यांना बसा म्हटलं, पण बाई बसली नाही. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं: बोर्डाचं वर्ष, निकाल, सतरा नंबरचा फॉर्म, मुलीचं नुकसान काहीच नाही, उलट बाजाराला मोकळी.

"म्हंजे दाखला हातात देता," बाई म्हणाली.

"दाखला म्हणजे नुसतं कागदोपत्री हो."

"कागदावरच तं नाव होतं साहेब तिचं. दुसरं कोठी होतं?"

सावजींनी अवचार सरांकडं बोट केलं. "वर्गशिक्षक हे आहेत. पेपरही यांचाच. विचारा यांना, मी काही मनानं करत नाही."

बाई वळली. सरांना ती वीस वर्षांपासून ओळखत होती. तिचा थोरला गणेश त्यांच्याच हाताखाली दहावी झाला होता.

"सर, पोरगी तं सांगे उत्तर बराबर आलं म्हून. मलेही घरी करून दाखवलं तिनं, मेथी-पालक मांडून. मले समजलं बाई, मी आंगठेवाली. चुकलं कोठी मंग?"

"चुकलं नाही कौशल्याबाई."

"मंग नापास काऊन?"

अवचार सर काय सांगणार होते? चल मानले नाहीत. समीकरण मांडलं नाही. हे त्यांनी सांगितलं. बाई ऐकून घेत होती, जसं भाव न पटलेलं गिऱ्हाईक ऐकतं.

"सर," अपेक्षा मधेच म्हणाली, "x लिवला असता तं पालकाचा भाव बदलला असता का?"

"नाही."

"ताळा जमला ना?"

"जमला."

"हर्षलचा नाई जमला. त्यानं सांगतलं मले, वजा आलं म्हने." ती तक्रार करत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "तो पास हाये."

 देता येण्यासारखं एकच उत्तर होतं, ते सरांनी मनातच म्हटलं: माये, एक ओळ होती. ती असती तर तू साडेआठवर होतीस. ती मी खोडली, कारण नऊ जणांत कोणाले दुसरी रीत येईन असं मले वाटलंच नाही. तू तं माह्या हिशेबातच नव्हती.

"रविवारी घरी येत जाय," ते म्हणाले. "मी शिकवतो. बाहेरून का होईना, पास करतो तुले."

"रविवारी तं आमचा मोठा बजार असते सर," कौशल्याबाई म्हणाली.

"मंग सोमवारी."

"पाहू." बाईनं 'पाहू' असं म्हटलं की ते तिथंच संपलं. तिनं सावजींच्या टेबलावरच्या अर्जावर अंगठा उठवला, शाई पदरालाच पुसली. पोरीला म्हणाली, "चाल वो. माल सुकून राह्यला."

"ड्रेस काय करायचा?" अपेक्षानं विचारलं. "नवा हाये."

"घाल बजारात. भाजी काई हासत नाई तुले."

दोघी गेल्या. जाताना पोरीनं टोपलीला हात दिला आणि आईच्या डोक्यावर चढवली. फाटकाबाहेर त्यांना कोणीतरी थांबवलं, भाव विचारला असावा, कारण टोपली पुन्हा खाली उतरली आणि अपेक्षा बोटांवर काहीतरी मोजून सांगू लागली.

सावजी म्हणाले, "सर, हजेरीपटावरून नाव कमी करून टाका. आणि मनाला लावून घेऊ नका. तुमचा पेपर खरंच छान होता. तक्ता तर असा की मी सगळ्या शिक्षकांना नमुना म्हणून देणार आहे."

अवचार सरांनी हजेरीपट उघडला. अडतीसाव्या ओळीवर पट्टी ठेवली, लाल पेनानं आडवी रेघ मारली, शेऱ्याच्या रकान्यात 'शाळा सोडली' लिहिलं, तारीख टाकली, बाजूला आद्याक्षरं केली. पट चाळीसवर आला. निकाल शंभर टक्के लागला तर त्यात त्यांचंही नाव येणार होतं.

स्वयंपाकघराकडून खिचडी शिजवणारी बाई हाक मारत आली. "सर, खिचडी झाली. आज चवीची पाळी तुमची हाये ना? पोरं ताटं वाजवून राह्यले."

"आलो."

ते उठले. शेडमध्ये पाचवी ते आठवीची पोरं रांगेत बसली होती. बाईनं वाटीत घासभर खिचडी दिली. ती गरम होती, तोंड भाजलं. सरांनी गिळली, भिंतीला टांगलेली वही काढली, तारखेपुढं लिहिलं: मूगडाळ खिचडी, चव ठीक, शिजलेली. वेळ टाकली, सही केली, आणि पोरांना म्हणाले, "वाढा."

मग कढईजवळ उभे राहून, कोणाला कमी पडत नाही ना ते पाहत राहिले.